चाळिशीचा चष्मा पुरेसा नाही

भिवंडीत यंत्रमागावर तुटलेला धागा दिसेनासा झाला, की कामगार रस्त्यावरून तयार चष्मा घेतो. धागा दिसतो, डोळा तपासायचा राहतो. काचबिंदू बहुधा दुखत नाही. आधी कडेची नजर जाते, आणि गेलेली परत येत नाही. म्हणून चाळिशीत डोळ्याचा दाब आणि आतली नस एकदा तपासून घ्यावी. तक्रार नसेल तर पुढे 2 ते 4 वर्षांनी, पासष्टीनंतर 1-2 वर्षांनी. आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल, तर चाळिशीची वाट पाहू नये. प्रौढपणी मधुमेह निघाला, की लगेच डोळ्याचा पडदा तपासावा, मग दरवर्षी. साखर आटोक्यात असली तरी. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही तास अंधुक दिसते, तेव्हा त्या दिवशी मागावर उभे राहू नये.