ॲम्प्लिफायरच्या पाठीवरची रिकामी जोडी

ऐंशीच्या दशकात आखाती देशांतून सुट्टीवर येणाऱ्या कोकणी माणसाच्या सामानात एक जड खोकं हमखास असायचं. त्यात जपानी बनावटीचा ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि दोन लाकडी स्पीकर असत. रत्नागिरीजवळच्या एका घरात असाच एक संच आजही दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये आहे. डेकचा पट्टा सैल पडून बरीच वर्षं झाली, रेडिओवर आता फक्त खरखर येते. ॲम्प्लिफायर मात्र धडधाकट आहे. बटण दाबलं की दिवा लागतो आणि आवाजाची चकती फिरवली की स्पीकरमधून हलकी सळसळ ऐकू येते. अडचण एवढीच की घरातलं सगळं गाणं आता मोबाइलमध्ये आहे आणि या ॲम्प्लिफायरला मोबाइल ठाऊक नाही.

तो ठाऊक करून देण्यासाठी काडेपेटीएवढा ब्लूटूथ रिसीव्हर पुरतो. मोबाइल गाण्याची आकड्यांत मांडलेली माहिती २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवरून पाठवतो. रिसीव्हर ती पकडतो, तिचं पुन्हा खालीवर होणाऱ्या विजेच्या दाबात रूपांतर करतो आणि तारेतून पुढे देतो. कॅसेट डेक किंवा रेडिओ ट्यूनर ॲम्प्लिफायरला जे देत होते, तेच हे. त्यामुळे ॲम्प्लिफायर उघडावा लागत नाही, कुठे डाग द्यावा लागत नाही. काम असतं ते योग्य भोक शोधण्याचं.

रत्नागिरीचा तो ॲम्प्लिफायर शोकेसमधून बाहेर ओढून त्याची पाठ उजेडात धरली, तर लाल-पांढऱ्या गोल सॉकेटच्या जोड्या दिसतात. त्यांच्यावर बारीक अक्षरांत नावं आहेत : फोनो, ट्यूनर, ऑक्स, टेप प्ले आणि टेप रेक. पाचही जोड्या दिसायला सारख्या आणि रिसीव्हरची पिन पाचांतही नीट बसते. फसगत होते ती इथेच.

सगळ्यात डावीकडची, म्हणून सगळ्यात आधी हाती लागणारी जोडी बहुधा फोनोची असते. ती फक्त रेकॉर्ड प्लेअरसाठी आहे. तबकडीवरच्या सुईतून निघणारा संकेत अतिशय क्षीण, साधारण पाच मिलिव्होल्टचा असतो, म्हणून फोनोच्या मागे तो शंभरेक पट वाढवणारं वेगळं सर्किट बसवलेलं असतं. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले आणि तारसप्तकाचे वाढवलेले असतात. १९५४ मध्ये ठरलेल्या मापानुसार फोनोचं सर्किट याच्या उलटं करतं : सगळ्यात खालचे सूर मधल्या सुरांच्या सुमारे दहापट वाढवतं आणि सगळ्यात वरचे दहाव्या हिश्श्यावर आणतं. ब्लूटूथ रिसीव्हर मुळातच एक व्होल्टच्या आसपास संकेत देतो, म्हणजे सुईच्या दोनशे पट. तो फोनोत गेला की तबला घुमतो, शब्द चिखलात रुतल्यासारखे येतात आणि चकती जरा पुढे नेताच सगळं फाटतं. असा आवाज ऐकून रिसीव्हर टाकाऊ ठरवणारे बरेच आहेत. तीच पिन काढून ऑक्समध्ये घातली की गाणं स्वच्छ होतं.

ऑक्स, ट्यूनर आणि टेप प्ले या तिन्ही जोड्या एकाच पातळीच्या आहेत. साधारण दीडशे ते दोनशे मिलिव्होल्ट मिळाले की त्या ॲम्प्लिफायरला पूर्ण ताकदीपर्यंत नेतात आणि सुरांच्या प्रमाणात फेरफार करत नाहीत. ऑक्स रिकामी असेल तर तीच घ्यावी, नसेल तर बंद पडलेल्या ट्यूनरची जागा घ्यावी. टेप रेक मात्र नको. तिथून संकेत बाहेर पडतो, आत जात नाही, त्यामुळे तिथे जोडलेला रिसीव्हर मुकाच राहतो. ऑक्समध्ये जोडूनही शांतता असेल, तर पुढच्या बाजूचं ‘टेप मॉनिटर’ बटण पाहावं. ते दाबलेलं राहिलं की निवडीची चकती कुठेही असो, ॲम्प्लिफायर फक्त टेप प्लेकडेच कान लावतो.

जुन्या युरोपीय आणि काही भारतीय संचांना ही गोल जोडी नसते. त्याऐवजी अर्धवर्तुळात पाच छिद्रं असलेलं एकच डिन सॉकेट असतं. टेपसाठीच्या अशा सॉकेटमध्ये तीन आणि पाच क्रमांकाच्या पिनांतून डावा-उजवा आवाज आत जातो, दोन क्रमांकाची पिन सामाईक असते आणि एक व चार रेकॉर्डिंगसाठी बाहेर जातात. तयार तार घेताना दुकानदाराला ‘प्लेबॅकची’ म्हणून स्पष्ट सांगावं, नाहीतर रेकॉर्डिंगची तार हाती पडते आणि पुन्हा तीच शांतता.

जोडणीआधी दोन गोष्टी पाहायच्या. परदेशातून आलेल्या संचाच्या पाठीवर अनेकदा व्होल्टेज निवडण्याची खाच असते. ती २२० किंवा २४० वर आहे याची खात्री करावी, कारण ११० वर राहिलेली खाच संच जाळू शकते. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. व्हॉल्व्हच्या काळातले काही रेडिओ ट्रान्सफॉर्मरशिवाय बनवलेले असत. त्यांचा आतला सांगाडा थेट घरच्या विजेला जोडलेला असतो. अशा रेडिओच्या मागच्या पिकअपच्या भोकात रिसीव्हर लावला, तर तारेच्या धातूतून २३० व्होल्टचा झटका बसू शकतो. आत मोठा ट्रान्सफॉर्मर आहे हे जाणकाराने पाहिल्याशिवाय व्हॉल्व्हच्या रेडिओला काहीही जोडू नये.

रत्नागिरीच्या घरात जोडणी अशी झाली. ॲम्प्लिफायर बंद करून आवाजाची चकती शून्यावर आणली. हेडफोनच्या पिनेची एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना असलेली तार घेतली. सॉकेटवर चाळीस वर्षांची समुद्रकाठची हवा बसलेली, म्हणून पिना आत घालून चार-पाच वेळा जागच्या जागी फिरवल्या, म्हणजे काळा थर घासला जातो. रिसीव्हर मोबाइलच्या चार्जरवर लावला, मोबाइलच्या यादीत त्याचं नाव आल्यावर जोडून घेतलं, निवडीची चकती ऑक्सवर नेली आणि आवाज हळूहळू वाढवला.

गाणं सुरू झालं. पण फक्त उजव्या स्पीकरमधून.

अशा वेळी दोष कुठे आहे ते एका अदलाबदलीत कळतं. ॲम्प्लिफायरच्या मागे लाल आणि पांढरी पिन एकमेकींच्या जागी लावायच्या. मुका स्पीकर बदलला, तर दोष तारेत किंवा रिसीव्हरमध्ये. तोच स्पीकर मुका राहिला, तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे. इथे डावा स्पीकर मुकाच राहिला. मग निवडीची चकती वीस-तीस वेळा मागेपुढे फिरवली, तेव्हा खर्र खर्र करत डावीकडचं गाणं परत आलं. वर्षानुवर्षं न हललेल्या स्विचच्या पत्र्यांवर थर जमलेला होता. संच विजेवरून काढून स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला की हा त्रास बराच काळ थांबतो.

दुसरी तक्रार रात्री लक्षात आली. गाणं थांबल्यावर स्पीकरमधून बारीक किणकिण येत होती आणि मोबाइल जोडला जाताना तिचा सूर बदलत होता. हा दोष सहसा विजेच्या वाटेने येतो. चार्जर आणि रिसीव्हरच्या आतल्या सर्किटचा कोलाहल सामाईक तारेवरून ॲम्प्लिफायरमध्ये शिरतो. खात्री करायची तर रिसीव्हर चार्जरवरून काढून पॉवर बँकेवर लावायचा. इथे किणकिण तिथेच संपली. दुसऱ्या, चांगल्या चार्जरने भागलं नाही, तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी तारेच्या मध्ये लावतात. तिच्यातल्या दोन चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून आवाज पार होतो, पण दोन्ही बाजूंचा थेट धातूचा संबंध तुटतो. तिची किंमत मोजावी लागते ती खर्जात : स्वस्त डबीत अगदी खालचे सूर थोडे पातळ होतात. आणि रिसीव्हरची पिन पूर्ण काढल्यावरही, चकती शून्यावर असताना जाडा हूं आवाज राहत असेल, तर रिसीव्हर निर्दोष आहे. ॲम्प्लिफायरच्या आतले मोठे कपॅसिटर म्हातारे झाल्याची ती खूण असते आणि ते काम दुरुस्तीवाल्याचं.

आवाजाच्या दोन चकत्यांचं नातंही समजून घ्यावं लागतं. मोबाइलचा आवाज निम्म्यावर ठेवून ॲम्प्लिफायरचा वाढवला, तर गाण्याबरोबर रिसीव्हरची सळसळही वाढते. म्हणून मोबाइल जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि रोजचा कमीजास्तपणा ॲम्प्लिफायरवर करावा. पूर्ण ठेवल्यावर मोठे सूर फाटत असतील, तर मोबाइल एक-दोन घरं खाली आणावा.

आवाजाच्या दर्जाबद्दल सांगायचं, तर ब्लूटूथ गाणं दाबून पाठवतं. सीडीवर सेकंदाला १४११ किलोबिट माहिती असते. प्रत्येक ब्लूटूथ यंत्राला ज्या एसबीसी पद्धतीने बोलता यावंच लागतं, तिच्यात चांगल्या मांडणीतही सव्वातीनशेच्या आसपास किलोबिट जातात. आयफोन एएसी पद्धत वापरतो, तर ॲपटेक्ससारखी पद्धत मोबाइल आणि रिसीव्हर दोघांनाही येत असेल तरच उपयोगी पडते. दिवाणखान्यात बसून नाट्यगीत ऐकताना हा फरक बहुतेकांच्या कानाला जाणवत नाही. जाणवतो तो उशीर. आवाज पोचायला सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा, कधी त्याहून जास्त लागतो. गाणं ऐकताना त्याने काही बिघडत नाही, मात्र मोबाइलच्या पडद्यावर पेटी वाजवली तर बोट आधी आणि सूर नंतर येतो.

रिसीव्हर ठेवायचा कुठे, हेही अनुभवाने ठरलं. ॲम्प्लिफायरच्या पत्र्याच्या पाठीमागे लपवल्यावर गाणं अडखळत होतं. दीड मीटरची तार घेऊन तो शोकेसच्या वर ठेवला, तर स्वयंपाकघरापर्यंत चालू लागला. वीज वारंवार जाणाऱ्या गावात आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी : आत बॅटरी असलेले बरेच रिसीव्हर वीज परत आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, दर वेळी बटण दाबावं लागतं. बिनबॅटरीचा साधा रिसीव्हर वीज आली की बहुधा स्वतःच जागा होतो.

त्या घरात आता टेप प्ले आणि टेप रेक या दोन्ही जोड्या कॅसेट डेकसाठी राखून ठेवल्या आहेत. ऑक्सवर वाजणारा आवाज टेप रेकमधून डेककडे जातच असतो. डेकचा पट्टा बदलून आला की मोबाइलवरचं एखादं गाणं कॅसेटवर भरता येईल आणि टेप मॉनिटर दाबून कपाटातल्या जुन्या कॅसेटही त्याच स्पीकरमधून ऐकता येतील.