दुखणं एका जागी, धोका कुठे? आशाताईंसाठी त्याच दिवशी दवाखान्यात पाठवण्याची तपासयादी

हळदीचे दिवस. शेतावरून आलेली ३२ वर्षांची बाई संध्याकाळी आशाताईच्या दारात उभी राहते. "ताई, खांदा लई दुखायलाय. गोळी असली तर द्या." दिवसभर पोती उचललेली, त्यामुळे खांदा दुखणारच. गोळी द्यायची, शेक घ्यायला सांगायचं आणि दार लावून घ्यायचं, असं कुणालाही वाटेल.

ही बाई कुणी एक नाही. आखाडा बाळापूर परिसरात वस्त्यांवर काम करताना जे ऐकलं-पाहिलं त्यावरून शिकण्यासाठी आम्ही हा प्रसंग जोडला आहे. तिच्याकडे आपण शेवटी परत येऊ. तोवर एवढंच लक्षात ठेवू की तिचं दुखणं खांद्यात होतं, पण धोका खांद्यात नव्हता.

बाळापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. एका दिशेला कळमनुरीवरून हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय, दुसऱ्या दिशेला वारंगा फाट्यावरून नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. म्हणजे जायला जागा आहे. पण मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं, घरात लेकरं असतात, म्हणून "उद्या बघू" म्हटलं जातं. बहुतेक दुखण्यांत उद्या बघितलं तरी चालतं. काही मोजक्या दुखण्यांत मात्र एका रात्रीत पाय, सांधा, अंडकोष किंवा जीव जातो. ती मोजकी दुखणी ओळखायची कशी, एवढ्यापुरता हा लेख आहे.

"किती दुखतंय?" हा पहिला प्रश्न नाही

आपण सवयीने विचारतो, किती दुखतंय? पण सहन करण्याची सवय प्रत्येकाची वेगळी असते. ऊसतोडीला जाणारी बाई मोडलेल्या हाडावरही काम करते, तर साध्या लचकेने कुणी ओरडतं. म्हणून दुखण्याच्या जोरापेक्षा पुढचे पाच प्रश्न जास्त कामाचे आहेत.

१. कसं सुरू झालं? हळूहळू वाढत आलं, की अमुक वेळी एकदम उठलं?
२. काय बंद पडलं? पाय टेकवत नाही, सांधा हलत नाही, लघवी होत नाही, एखादा भाग बधिर झाला?
३. ती जागा गरम, लाल, सुजलेली आहे का? सोबत ताप किंवा थंडी?
४. दुखण्यासोबत शरीरात दुसरं काय नवं आहे? चक्कर, घाम, उलटी, धाप, अंगावरून जाणं?
५. माणूस कोण आहे? गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली, साखरेचा आजार असलेला, लहान लेकरू, म्हातारं माणूस, नुकतंच ऑपरेशन किंवा प्लास्टर झालेला?

दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या प्रश्नाला "हो" आलं, तर पुढच्या यादीत ती जागा शोधायची. पाचव्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर आपला संशयाचा उंबरठा खाली आणायचा. साखरेच्या रुग्णाला आणि म्हाताऱ्या माणसाला आतून पू झाला तरी ताप येईलच असं नाही. तापाची गोळी आधीच घेतलेली असेल तर कुणाचाही ताप झाकला जातो. म्हणून अंग गार आहे एवढ्यावरून निर्धास्त व्हायचं नाही.

एक अपवाद आधीच सांगतो. छातीच्या मध्यभागी किंवा बेंबीच्या वर आवळल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, दुखणं जबड्याकडे किंवा हातात जातंय, तर यादी उघडायची नाही. "गॅस असेल" म्हणून थांबायचं नाही. थेट १०८.

कंबर

कंबरदुखी घरोघरी आहे आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत कमी होते. त्यात एकच गोष्ट न चुकता विचारायची, ती म्हणजे लघवी. कमरेच्या मणक्यातली गादी मागे सरकून नसांचा जुडगा दाबला गेला, तर लघवी अडकते किंवा नकळत होते, शौचावरचा ताबा जातो आणि दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा येतो. सायकलच्या सीटवर बसल्यावर जो भाग टेकतो तो बधिर होतो. हे कुणी आपणहून सांगत नाही, लाज वाटते. म्हणून थेट विचारायचं, "धुताना हात लागलेला कळतो का?" कळत नसेल तर त्याच दिवशी पाठवायचं. अशा रुग्णाला ऑपरेशन लागू शकतं आणि उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

याउलट, कंबर किंवा पाठ कित्येक आठवडे एकाच मणक्यावर दुखते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, तर हा मणक्याचा क्षयरोग असू शकतो. पायात ताकद असेल तर रातोरात पळवायची गरज नाही, पण त्याच आठवड्यात तपासणी झाली पाहिजे. पाय लुळे पडू लागले तर मात्र त्याच दिवशी.

एकच सांधा

चिकनगुनियात अनेक सांधे दुखतात. एकच गुडघा, खुबा किंवा खांदा गरम, सुजलेला आहे आणि थोडासाही हलवू देत नाही, तेव्हा सांध्यात पू असल्याचा संशय घ्यायचा. पू सांध्याची गादी काही दिवसांत खाऊन टाकतो. लेकरात ओळख सोपी आहे: काल चालणारं पोर आज पाय टेकवत नाही. तान्ह्या बाळात तर ताप आणि सूज दोन्ही नसू शकतात. फक्त एक हात किंवा पाय हलत नाही आणि लंगोट बदलताना बाळ किंचाळतं. आजी म्हणते, "लचक भरली, चोळून घेऊ." चोळायचं नाही. त्याच दिवशी पाठवायचं.

एका पायाची पोटरी

बाळंतपणानंतर, प्लास्टरनंतर किंवा बरेच दिवस अंथरुणात पडून राहिल्यावर एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ब्लाउज शिवायची मोजपट्टी यासाठी पुरते. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायचा. ३ सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर त्याच दिवशी पाठवायचं. फरक कमी असला तरी सूज नवी असेल आणि वरचं कारण असेल तर पाठवायचंच. बाळंतिणीची तेलमालीश त्या पायाला बंद. सोबत धाप किंवा छातीत कळ आली तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते, तेव्हा १०८.

खालचं पोट

इथे दोन गोष्टी सर्वांत जास्त लपवल्या जातात.

पहिली मुलांची. बारा-चौदा वर्षांचा मुलगा "पोट दुखतंय" म्हणतो, उलटी करतो आणि पोट धरून वाकून चालतो. खरं दुखणं अंडकोषात असतं, पण आईला सांगायची लाज वाटते. अंडकोषाला पीळ पडला असेल तर सुमारे ६ तासांत तो सोडवला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्याने कमी होते. आशाताईला विचारणं अवघड जातं, तिथे वस्तीतल्या तरुण कार्यकर्त्याने विचारावं: "खाली दुखतंय का? सूज आलीय का?" उत्तर "हो" असेल तर सकाळची वाट पाहायची नाही.

दुसरी बायकांची. पाळी येणाऱ्या वयातली बाई, पोटात एका बाजूला खाली दुखतंय, पाळी चुकली आहे किंवा थोडंसं अंगावरून जातंय. गर्भ पिशवीऐवजी नळीत रुजला असेल तर नळी फुटून पोटात रक्त साचतं. बाहेर फार रक्त दिसत नाही, म्हणून फसगत होते. "ऑपरेशन झालंय, दिवस कसे जातील?" हे उत्तर ऐकून थांबायचं नाही. नसबंदीनंतर क्वचितच दिवस जातात, पण गेलेच तर ते नळीत असण्याची शक्यता नेहमीपेक्षा बरीच जास्त असते.

आता त्या बाईकडे

आशाताईने गोळी देण्याआधी प्रश्न विचारले. खांदा कधीपासून? "दुपारपासून. आडवं झालं की जास्त." पोती उचलल्याचं दुखणं आडवं झाल्यावर सहसा वाढत नाही. खांदा हलवून पाहिला तर सगळीकडे फिरतो, दाबलं तर दुखत नाही. म्हणजे दुखण्याचं कारण खांद्यात नाही. शरीरात दुसरं काय नवं? "सकाळी डाव्या बाजूला पोटात कळ आली होती, पाळीची असंल." पाळी? "दोन हप्ते मागं गेली. आज थोडं लागतंय." नसबंदी चार वर्षांपूर्वी झालेली.

पाच मिनिटं बसवून नाडी मोजली, मिनिटाला ११२. उभं राहताना चक्कर. ताईकडच्या निश्चय किटवर लघवी तपासली, दोन रेषा उमटल्या. पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला लागलं की त्याची कळ खांद्याच्या टोकाला जाणवते, कारण दोन्हींच्या नसा मानेतल्या एकाच पातळीवरून निघतात.

इथे निर्णय झाला. १०८ ला फोन, बाईला आडवं निजवणं, ऑपरेशन लागू शकतं म्हणून खाणंपिणं बंद, रक्त द्यायला सोबत येतील अशी दोन माणसं. किट निगेटिव्ह आलं असतं तरी नाडी आणि चक्कर पाहून तिला पाठवायचंच होतं. किट पाठवण्याचं कारण बळकट करतं, थांबण्याचं कारण देत नाही.

चिठ्ठीत ताईने रोगाचं नाव लिहिलं नाही. लिहिलं ते असं: "दुपारपासून खांदा, सकाळपासून डावं खालचं पोट. पाळी २ आठवडे चुकली. लघवी तपासणी पॉझिटिव्ह. नसबंदी झालेली. नाडी ११२, चक्कर. सायंकाळी ६:४०. गोळी दिली नाही." एवढ्यावरून समोरच्या डॉक्टरला पहिल्या मिनिटात काय करायचं ते कळतं. चिठ्ठीत नुसतं "पोटदुखी" असतं, तर ती रांगेत बसली असती.

यादीची मर्यादा

ही यादी रोग सांगत नाही, फक्त वेळ सांगते. पाठवलेल्यांपैकी काहींना काहीच निघणार नाही. त्याला चूक म्हणायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी ताई कचरेल. आणि जिला आज पाठवलं नाही तिलाही यादीत न बसणारं काही असू शकतं. म्हणून घरी ठेवलेल्या प्रत्येकाला तीन गोष्टी सांगायच्या: लघवी अडली, पाय टेकवेना किंवा चक्कर आली तर रात्री कितीही वाजता दार वाजवा. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने स्वतः एक चक्कर मारावी आणि तेच पाच प्रश्न पुन्हा विचारावेत. पहिल्या दिवशी जी उत्तरं "नाही" असतात, त्यातलं एखादं दुसऱ्या दिवशी बदललेलं असतं.