ग्रिडवरचा केरवा

घरच्या संगणकावर भावगीत बसवताना ठेका बहुधा एकदाच लिहिला जातो. केरव्याच्या आठ मात्रा, धा गे ना ती ना के धि ना, पडद्यावरच्या उभ्या रेषांवर नेमक्या ठेवायच्या आणि तेच आवर्तन गाणं संपेपर्यंत चिकटवत जायचं. पहिलं कडवं बरं जातं. दुसऱ्यात कान कंटाळतो, कारण प्रत्येक ‘ना’ हा हुबेहूब तोच ‘ना’ असतो.

मग हात `Humanize` बटणाकडे जातो. ते बटण प्रत्येक आघात थोडा पुढे-मागे सरकवतं, जोर कमी-जास्त करतं, पण चिठ्ठ्या टाकल्यासारखं. तबलजीचा हात असा चिठ्ठ्या टाकत नाही. होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मेट्रोनोमबरोबर वाजवणाऱ्या वादकाचे आघात मोजले, तेव्हा त्यातले बारीक फरक एकमेकांशी जोडलेले निघाले. हात किंचित पुढे गेला की तो कल काही काळ टिकतो. ऐकणाऱ्यांनाही सुट्या, विस्कळीत फरकांपेक्षा असे जोडलेले फरक जास्त आवडले. म्हणून मी ते बटण दाबत नाही. आधी वजन हाताने ठरवतो, वेळेकडे नंतर वळतो.

वजन म्हणजे `Velocity`, १ ते १२७. मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीतल्या केरव्यासाठी माझी सुरुवात अशी असते: धा ११२, गे ७५, ना ९०, ती ६८, खालीचा ना ८६, के ४५, धि ९५ आणि शेवटचा ना ८०. आकडे तुमच्या आवाजांप्रमाणे बदलतील, चढउतार मात्र राहिला पाहिजे. सम सगळ्यांत भरीव, आणि ‘के’ इतका हलका की गायक थांबल्यावरच जाणवावा. ‘गे’चा घुमारा पाचव्या मात्रेआधी थांबायला हवा. खरा वादक डग्ग्यावर तळवा टेकवून तो मिटवतो. संगणकात ‘गे’च्या नोटची लांबी कमी करावी लागते. काही वाद्यांत नोट आखडूनही आवाज शेवटपर्यंत वाजत राहतो, तिथे रिलीज कमी करायचा. हे राहून गेलं की खाली भरलेली वाटते आणि ठेक्याचं अर्धं सौंदर्य तिथेच जातं.

इथे एक सापळा आहे. चांगल्या सॅम्पल-वाद्यांत हलक्या आणि जोरकस आघातांची ध्वनिमुद्रणं वेगळी असतात आणि ठरावीक आकड्याला एकातून दुसऱ्यात उडी होते. समजा ही उडी ९० ला आहे आणि तुमचा ‘ना’ ८८ आणि ९२ मध्ये हेलकावतोय. मग दर थोड्या वेळानं तबलाच बदलल्यासारखं ऐकू येईल. एकच बोल पाच-पाचने चढवत वाजवून बघा. जिथे आवाजाचा पोत बदलतो, तो आकडा लिहून ठेवा आणि ‘ना’ त्याच्या एकाच बाजूला राहू द्या.

आता वेळ. या लयीत मात्रा ३०० मिलिसेकंदांची. एका ठोक्याचे ४८० टिक धरले, तर एक टिक सव्वा मिलिसेकंदाचा. समेचा धा मी रेषेवरून हलवत नाही, कारण गायक तिथेच टेकतो. तिसरा ना आणि ती चार-पाच टिक मागे ठेवतो, म्हणजे ठेका किंचित रेलून बसतो. ‘धि’ तीन टिक पुढे, म्हणजे तो समेकडे ओढ घेतो. ‘धा’साठी चाट आणि डग्गा वेगळ्या नोटांनी वाजत असतील, तर डग्ग्याची नोट तीन-चार टिक आधी टाकतो. खर्जाचा आवाज सावकाश भरतो, त्यामुळे रेषेवर असूनही तो उशिरा आल्यासारखा वाटतो. हे अंतर वीस मिलिसेकंदांच्या वर गेलं की मात्र एक ‘धा’ फुटून दोन आघात ऐकू येऊ लागतात.

असं एक आवर्तन जमल्यावर मी त्याच्या आठ प्रती करतो आणि प्रत्येकीत थोडाच बदल करतो. दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात मधले बोल एकेका टिकने पुढे जातात, पाचव्यापासून परत मागे येतात. आठव्यात शेवटच्या ‘ना’च्या जागी ‘तिरकिट’ येतो, चारही अक्षरं ६० च्या खाली, आणि मुखडा सुरू होतो. गाण्यात रेषेवर घट्ट बसलेला शेकर किंवा गिटार असेल, तर सरकवणं निम्म्यावर आणावं लागतं, नाहीतर तबलजी चुकतोय असं वाटतं. म्हणून ठेका एकटा वाजवून मी कधीच ठरवत नाही. गायकाचा ट्रॅक सुरू करतो, पडदा बंद करतो आणि दोन मिनिटं ऐकतो. आठ आवर्तनं कुठे संपून पुन्हा सुरू झाली ते बोटावर मोजता आलं, तर काम अजून बाकी आहे.