गोंगाटात दडलेली घरघर

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे माइकच्या वायरीत शिरणारी घरघरही बहुधा सेकंदाला 50 आवर्तनांची असते. समजा, सेकंदाला 1000 नोंदी घेतल्या. घरघरीच्या साइन लहरीची उंची 1, म्हणजे सरासरी शक्ती 0.5, वर व्हाइट नॉइज, त्याची शक्ती 4. आलेख काढला तर नुसतं गवत माजलेलं दिसतं, लहर कुठेच नाही.

आता याच नोंदींची एक प्रत काढायची, ती काही घरं सरकवून मूळ नोंदींखाली मांडायची, समोरासमोरचे आकडे गुणायचे आणि त्यांची सरासरी काढायची. हेच ऑटोकोरिलेशन. व्हाइट नॉइजमध्ये एका नोंदीला दुसरीचा पत्ता नसतो. प्रत एक घर जरी सरकली तरी अधिक-उणे गुणाकार एकमेकांना खातात आणि सरासरी शून्यावर येते. न सरकवता मात्र पूर्ण 4 मिळतात. लहरीचं तसं नाही. तिचं आवर्तन 20 नोंदींचं, म्हणून 10 घरं सरकवली की उणे 0.5, आणि 20 सरकवली की पुन्हा 0.5. दोन्ही मिळून:

R(k) = 4δ(k) + 0.5 cos(2π·50k/1000)

शून्यावर 4.5चा सुळका, आणि पहिल्याच घरापासून स्वच्छ कोसाइन!

या R(k)चं फूरिये रूपांतर केलं की पॉवर स्पेक्ट्रम मिळतो, उलटं केलं की R(k) परत. वीनर (1930) आणि खिंचिन (1934) यांच्या नावाने हे प्रमेय ओळखलं जातं. एकाच घरात उभा असलेला सुळका सगळ्या वारंवारितांना सारखा वाटला जातो, म्हणून नॉइजची 4 उंचीची सपाट जमीन होते. न संपणारी कोसाइन फक्त 50 हर्ट्झवर गोळा होते. तिथे सुई उभी राहते. लहर कोणत्या क्षणी सुरू झाली, हे मात्र दोन्हींतून पुसलं जातं.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात 1000 नोंदींवर ऑटोकोरिलेशन सुमारे 0.15 ने डळमळतं, तरी 0.5ची कोसाइन ओळखू येते. नोंदी 100च असतील तर डळमळ जवळपास 0.5 होते आणि लहर बुडते. स्पेक्ट्रममध्ये 1000 नोंदींवर सुई साधारण 250 उंच चढते. जमीन मात्र सरासरीनेच 4. एखाद्या ठिकाणी 1, शेजारी 15. नवख्यांना वाटतं, नोंदी वाढवल्या की ती गुळगुळीत होईल. होत नाही. नोंदी वाढतात तसे वारंवारितेचे कप्पे वाढतात, आणि प्रत्येक कप्पा तितकाच खडबडीत राहतो.

म्हणून 1000 नोंदींचे 100-100चे दहा तुकडे करून त्यांच्या स्पेक्ट्रमांची सरासरी घेतात. खडबड सुमारे एक-तृतीयांशावर येते. पण सुईही 250वरून 25वर उतरते आणि 1 हर्ट्झऐवजी 10 हर्ट्झ रुंद होते. शेजारी 53 हर्ट्झची दुसरी लहर असली, तर ती वेगळी दिसणार नाही.