कानाची पाळी महिन्या-दोन महिन्यांत बरी होते, मग वरचा कान वर्षभर का ठणकतो?

लहानपणी सोनाराने कान टोचले, दोन-चार दिवस थोडं दुखलं, आईने खोबरेल तेल लावलं आणि विषय संपला. आपल्यापैकी बहुतेकांचा कान टोचण्याचा अनुभव एवढाच असतो. म्हणून मोठेपणी कानाच्या वरच्या कडेला टोचून घेताना आपण तोच हिशोब धरतो. हिशोब चुकतो तो इथेच. पाळी आणि वरचा कान एकमेकांना जोडलेले असले, तरी आतून ते दोन वेगळे अवयव म्हणावेत इतके वेगळे आहेत.

मी जिवाणूंवर पीएचडी करतेय, त्यामुळे मैत्रिणींकडून "इथे लाल झालंय, बघ ना" असे फोटो अधूनमधून येतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे फोटो बघून औषध सांगत नाही. पण हा प्रकार पाळीपेक्षा वेगळा का, आणि कोणत्या टप्प्यावर घरी थांबायचं नाही, हे नक्की सांगता येईल.

आधी कान आतून बघू

पाळी चिमटीत धरून दाबा. मऊ लागते. तिच्यात चरबी, तंतुमय ऊती आणि भरपूर रक्तवाहिन्या असतात, कूर्चा नसते. आता वरची कड वाकवून बघा. ती लवचिक पण ताठ लागते, सोडली की परत जागेवर येते. ही कूर्चा, म्हणजे कार्टिलेज.

कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. तिच्या दोन्ही बाजूंना एक पातळ आवरण घट्ट चिकटलेलं असतं, त्याला पेरिकॉन्ड्रियम म्हणतात. रक्तवाहिन्या या आवरणात असतात. तिथून ऑक्सिजन आणि अन्न हळूहळू झिरपत कूर्चेतल्या पेशींपर्यंत पोचतं. घरात नळ नाही, शेजारच्या भिंतीतून ओल झिरपते त्यावर भागवायचं, असा हा संसार आहे.

एरवी यात काही अडचण नसते, कारण कूर्चेतल्या पेशींच्या गरजा फार कमी असतात. पण जखम झाली की तीन गोष्टी रक्तानेच पोचवाव्या लागतात: दुरुस्तीचं साहित्य, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि तुम्ही गिळलेलं अँटिबायोटिक. पाळीत या तिन्ही गोष्टी थेट पोचतात. कूर्चेत त्या कडेपर्यंत येतात आणि पुढे झिरपत जातात. शिवाय कूर्चेच्या पेशी स्वतः फारशा विभागत नाहीत, त्यामुळे टोचलेलं भोक कूर्चेने पुन्हा भरून येत नाही. होतं असं की, दोन्ही तोंडांकडून त्वचा आत वाढत जाते आणि भोकाला आतून अस्तर लागतं. त्यामुळे बाहेरची दोन टोकं आधी बरी दिसतात, मधला भाग मात्र बराच काळ कच्चा असतो. पाळीला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, वरच्या कानाला सहा महिने ते वर्ष. "दोन महिने झाले, बरं झालं" असं समजून दागिना बदलायला गेलं की ते कच्चं अस्तर फाटतं, ते यामुळेच.

खरा धोका: आवरण सुटणं

संसर्ग झाला आणि पू तयार झाला, तर तो साठतो कुठे? आवरण आणि कूर्चा यांच्या मधे. पू साठला की आवरण कूर्चेपासून उचललं जातं. म्हणजे जिथून ओल झिरपत होती ती भिंतच दूर सरकली. आता कूर्चेला अन्नही नाही आणि औषधही नाही. काही दिवसांत तो भाग मरतो. मेलेली कूर्चा परत येत नाही. कानाचा आकार ज्या सांगाड्यावर उभा असतो तोच गेल्यामुळे कान आक्रसतो, वेडावाकडा होतो. पाळीच्या संसर्गात असं होत नाही, कारण तिथे कोसळायला सांगाडाच नसतो.

म्हणून या दुखण्यात "आठवडाभर वाट बघू" हा निर्णय महागात पडू शकतो.

जंतुनाशकाच्या बाटलीतले जंतू

या विषयावरचा सगळ्यात बोलका अभ्यास अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातला आहे. 2000 साली तिथे एका दागिन्यांच्या स्टॉलवर कान टोचून घेतलेल्या मुलामुलींना एकापाठोपाठ एक संसर्ग होऊ लागले. आरोग्य खात्याच्या संशोधकांनी 118 ग्राहक शोधले, त्यांनी मिळून 186 ठिकाणी टोचून घेतलं होतं. त्यात 7 जणांना स्युडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूचा संसर्ग झाल्याचं खात्रीने सिद्ध झालं आणि आणखी 18 संशयित निघाले. ते 7 जण 10 ते 19 वर्षांचे होते. चौघांना हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं, चौघांचा पू शस्त्रक्रिया करून काढावा लागला आणि काहींच्या कानाचा आकार कायमचा बिघडला. 2004 मध्ये हा अभ्यास 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

जंतू कुठून आले? स्टॉलवर वापरल्या जाणाऱ्या जंतुनाशकाच्या बाटलीत आणि तिथल्या सिंकमध्ये तोच जिवाणू सापडला. हे वाचून आश्चर्य वाटेल, पण स्युडोमोनासवर काम करणाऱ्यांना वाटत नाही. हा पाण्यातला जिवाणू. नळ, सिंक, विहीर, तलाव, पोहण्याचा टँक, जिथे ओल तिथे तो तग धरतो. काही सौम्य जंतुनाशकं पातळ झाली किंवा बाटली पुन्हा पुन्हा भरली गेली, तर तो त्यातही जगतो. म्हणजे निर्जंतुक पाकिटातून काढलेल्या दागिन्यावर अशा बाटलीतला फवारा मारला, तर स्वच्छ करण्याच्या नादात आपणच जंतू लावत असतो.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बहुतेक रुग्णांना सुरुवातीला जे अँटिबायोटिक दिलं गेलं, ते स्युडोमोनासवर चालणारं नव्हतं. त्वचेच्या साध्या संसर्गात बहुधा स्टॅफिलोकॉकस असतो, म्हणून डॉक्टर सवयीने त्यावरचं औषध देतात. अमॉक्सिसिलिनसारखी औषधं स्युडोमोनासच्या बाहेरच्या आवरणातून नीट आत शिरत नाहीत, आणि जी शिरतात ती मोडून टाकणारं विकर त्याच्याकडे असतं. त्यामुळे गोळ्या चालू असूनही कान बिघडत जातो.

एक उदाहरण दिवसांनिशी बघू

समजा, एका कॉलेजच्या मुलीने शनिवारी गनने वरचा कान टोचून घेतला. रविवार, सोमवार थोडी लाली, थोडी सूज, हात लागला तर दुखतं. हे अपेक्षित आहे. भोकाशी फिकट पिवळसर पातळ स्राव येऊन त्याची खपली होते, तीसुद्धा नेहमीची. बुधवारपर्यंत हे कमी व्हायला हवं.

पण गुरुवारी दुखणं उलट वाढतं. शुक्रवारी रात्री ठणक्याने झोप येत नाही. लाली आता भोकाभोवती राहिलेली नाही, कानाच्या वरच्या अर्ध्या भागावर पसरली आहे. कान गरम लागतो आणि वरचा भाग किंचित वाकवला तरी कळ येते. पाळी मात्र अगदी नेहमीसारखी, मऊ आणि न दुखणारी. ही शेवटची खूण लक्षात ठेवा. वरचा कान लाल आणि पाळी साफ वाचलेली, याचा अर्थ संसर्ग कूर्चेच्या आवरणात आहे, कारण पाळीत ते आवरणच नाही. नुसती खाज आणि खरबरीत पुरळ असेल तर धातूची, बहुधा निकेलची, अ‍ॅलर्जी असू शकते. तिच्यात असा ठणका नसतो.

या मुलीने सोमवारची वाट न बघता शनिवारीच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायला हवं. तिथे तीन गोष्टी स्वतःहून सांगाव्यात: टोचून किती दिवस झाले, कूर्चेत टोचलंय, आणि आधी कोणत्या गोळ्या घेतल्या. पू असेल तर कल्चरला पाठवता येईल का, हे विचारावं. डॉक्टर सहसा स्युडोमोनासवर चालणारं औषध आधीच सुरू करतात आणि रिपोर्ट आला की गरज पडल्यास बदलतात. पू साठला असेल तर तो काढावाच लागतो, नुसत्या गोळ्या तिथे पोचत नाहीत. दागिना ठेवायचा की काढायचा, हेही त्यांनाच ठरवू द्या. घरी ओढून काढला तर भोकाचं तोंड मिटून पू आत अडकू शकतो. मधुमेह असेल तर इतकेही दिवस थांबू नये.

मग टोचायचं कसं?

"गन वाईट, सुई चांगली" हे तुम्ही ऐकलं असेल. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या कानांवर वेगवेगळ्या पद्धतींनी टोचून सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, तेव्हा कूर्चेला आणि आवरणाला होणारी इजा सगळ्या पद्धतींत साधारण सारखीच निघाली. मग सुई का? कारण स्वच्छता. प्लॅस्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, टाकता येत नाही, आणि नुसती पुसलेली गन निर्जंतुक नसते. एकदाच वापरायची पोकळ सुई सीलबंद पाकिटातून येते. ते पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. दागिना कसा निर्जंतुक केला ते विचारा. त्यावर कुठल्या बाटलीतून फवारा मारला जात असेल तर थांबवा. सूज येईल हे धरून सुरुवातीची दांडी थोडी लांब हवी. आखूड दांडी दोन्हीकडून दाबते आणि आधीच कमी असलेला रक्तपुरवठा आणखी कमी करते.

नंतरची काळजी त्यामानाने सोपी आहे. दिवसातून दोनदा, हात धुऊन, मेडिकलमधून आणलेल्या निर्जंतुक नॉर्मल सलाईनने पुसायचं. लहान पॅक घ्या. फोडलेली बाटली महिनाभर वापरली तर ती ओरेगनच्या बाटलीचीच बहीण. तेल-हळदीचा लेप नको, तो निर्जंतुक नसतो आणि भोकाचं तोंड बुजवतो. दागिना फिरवत बसू नका, प्रत्येक फेरीत आतलं कोवळं अस्तर सोलवटतं. त्या कुशीवर झोपू नका, हेल्मेट सांभाळून घाला. जखम कच्ची असेपर्यंत विहीर, नदी आणि स्विमिंग टँक बंद.

आणि लग्नाला बुगडी किंवा भिकबाळी घालायची म्हणून टोचणार असाल, तर तारखेतून वर्ष मागे मोजा. दोन महिनेच हातात असतील तर दाबाची बुगडी घ्या, फोटोत फरक कळत नाही.