चार घरांची चौकट आणि सिकलसेलचं गणित

एक तरुणी पूर्ण निरोगी आहे. तिचे आई-वडीलही निरोगी आहेत, पण तिच्या भावाला सिकलसेलचा आजार आहे. तिचं लग्न ठरलेला मुलगा रक्ततपासणीत या आजाराचा वाहक निघाला आहे. त्यांच्या बाळाला आजार होण्याची शक्यता किती? आनुवंशिकतेच्या पेपरात अशी उदाहरणं असतात. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत हाच प्रश्न घराघरांतही उभा राहतो. घाईत सोडवणाऱ्याचं उत्तर ‘एक चतुर्थांश’ येतं, थोडा विचार करणारा ‘एक अष्टमांश’ म्हणतो. दोन्ही चूक आहेत.

असं उदाहरण सोडवायला जी चौकट आखतात, ती केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केली. चौकट भरायला मिनिटही लागत नाही. चुका होतात त्या ती आखण्याआधी आणि भरून झाल्यावर.

पहिली पायरी अक्षरं ठरवण्याची. हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणारं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. नेहमीच्या प्रतीला A म्हणू आणि सिकलसेलच्या प्रतीला S. मग माणसं तीनच प्रकारची असू शकतात. AA म्हणजे निरोगी, SS म्हणजे आजारी आणि AS म्हणजे वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो, पण तो S पुढच्या पिढीला देऊ शकतो. आजारी मुलाचे आई आणि वडील दोघेही वाहक असतात, हे अमेरिकेतले जेम्स नील यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं.

इथे दोन गफलती होतात. एकाच अक्षराचं मोठं आणि लहान रूप, म्हणजे S आणि s, घेतलं तर हाताने लिहिताना दोन्ही सारखीच दिसतात आणि अर्ध्यातच गोंधळ उडतो. म्हणून वेगळी दिसणारी अक्षरं घ्यावीत. दुसरी गफलत मुलगा-मुलगी असा भेद करण्याची. रंगांधळेपणाचं जनुक X गुणसूत्रावर असल्याने तिथे हा भेद करावाच लागतो. अकराव्या गुणसूत्राची मात्र प्रत्येकाकडे जोडी असते. त्यामुळे सिकलसेलमध्ये मुलगे आणि मुली यांचा धोका सारखाच असतो.

दुसरी पायरी म्हणजे नक्की ठाऊक असलेल्या माणसापासून सुरुवात करणं. प्रश्न तरुणीबद्दल आहे म्हणून तिच्यापासूनच सुरुवात केली, तर हाती काही लागत नाही, कारण निरोगी माणूस AA असेल किंवा AS. खात्री आहे ती भावाची. तो आजारी आहे, म्हणजे SS. त्याला एक S आईकडून आला आणि दुसरा वडिलांकडून. आई-वडील स्वतः निरोगी आहेत, म्हणजे दोघांकडे एकेक A सुद्धा आहे. दोघेही AS, यात शंका उरत नाही.

आता तिसरी पायरी, युग्मकं लिहिण्याची. स्त्रीबीजात किंवा शुक्राणूत या जनुकाची एकच प्रत जाते. म्हणून AS आईची अर्धी बीजं A ची असतात आणि अर्धी S ची. वडिलांचंही तसंच. चौकटीच्या कडेला ‘AS’ असं अख्खं लिहिणं ही नवख्यांची ठरलेली चूक आहे. ती लगेच पकडता येते, कारण मग आतल्या घरात तीन किंवा चार अक्षरं जमतात. घरात दोनच अक्षरं हवीत. आईची युग्मकं वर आणि वडिलांची डावीकडे लिहिली की चौकट अशी भरते:

```
      A    S
A    AA   AS
S    AS   SS
```

चौथी पायरी वाचण्याची आहे. चारातलं एक घर SS आहे, म्हणजे दर गर्भधारणेला आजाराची शक्यता एक चतुर्थांश. चार घरं म्हणजे चार मुलं नव्हेत. ‘एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन निरोगी होणार’ हा समज इथूनच जन्मतो आणि तो साफ चुकीचा आहे. पुढच्या प्रत्येक वेळी शक्यता तितकीच राहते. अशा जोडप्याला चार मुलं झाली, तर चौघंही आजारापासून मुक्त असण्याची शक्यता साधारण ३२ टक्के असते. ग्रेगोर मेंडेल यांना वाटाण्याच्या एका प्रयोगात ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे मिळाले. तीनास एक हे प्रमाण इतकं जवळ आलं, कारण दाणे सात हजारांवर होते. एका घरातल्या दोन-चार मुलांत ते दिसेलच असं नाही.

खरी मेख पाचव्या पायरीत आहे. आई-वडिलांच्या चौकटीत दोन घरं AS ची आहेत, म्हणून तरुणी वाहक असण्याची शक्यता निम्मी, असं वाटतं. पण ती निरोगी आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे. म्हणजे SS चं घर तिच्यासाठी बादच झालं आणि त्यावर फुली मारायला हवी. उरली तीन घरं, त्यातली दोन AS. ती वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांश ठरते. उदाहरणात ‘निरोगी बहीण’ किंवा ‘निरोगी भाऊ’ असे शब्द दिसले, की आधी ही फुली आठवावी. मात्र माणूस निरोगी आहे हे माहीत असेल तेव्हाच ती मारायची. अजून न जन्मलेल्या बाळासाठी चारही घरं मोजायची.

शेवटची पायरी गुणाकाराची. बाळ आजारी होण्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. आधी तरुणी वाहक असायला हवी, त्याची शक्यता २/३. ती तशी असेल तर तिची आणि वाहक नवऱ्याची चौकट वरच्यासारखीच होते आणि बाळ SS असण्याची शक्यता १/४ येते. २/३ गुणिले १/४ म्हणजे १/६. ‘एक चतुर्थांश’ म्हणणाऱ्याने तरुणीला वाहकच धरलं होतं. ‘एक अष्टमांश’ म्हणणाऱ्याने फुली न मारता २/३ च्या जागी १/२ घेतला.

हा १/६ तरुणीची तपासणी झालेली नाही, तोवरच खरा. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासण्यांत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे दिसतात. अहवालात ती AS निघाली, तर शक्यता एक चतुर्थांश होते. AA निघाली, तर मुलं वाहक असू शकतात, पण या आजाराची होत नाहीत.

जोडीदाराची फक्त सोल्युबिलिटी ही झटपट चाचणी झाली असेल, तर मात्र ‘सिकल नाही’ एवढ्या निकालावर AA लिहून टाकणं धोक्याचं आहे. ही चाचणी S ओळखते, बीटा थॅलेसेमियाची प्रत ओळखत नाही. त्या प्रतीला T म्हटलं, तर AS आणि AT अशा जोडप्याची चौकट AA, AT, AS आणि ST अशी भरते. यातलं ST चं मूलही सिकलसेलच्या आजाराने त्रस्त होऊ शकतं. म्हणून एक जोडीदार वाहक असेल, तेव्हा दुसऱ्याचा एचपीएलसीचा अहवाल हातात आल्यावरच चौकटीच्या कडेला अक्षरं लिहावीत.