वारेला हात लावण्याआधी

एक गोठा घेऊ. सहा संकरित गाई, चार शेळ्या, मालक आणि कामाला एक गडी. दोन महिन्यांपूर्वी बाजारातून आणलेली गाय सातव्या महिन्यात गाभण आहे. पहाटे गडी धारेला येतो तर गाईच्या मागे, अंगावर विरळ लव असलेलं मेलेलं वासरू पडलेलं. जमिनीवर चिकट पाणी, आणि गाईच्या मागून लोंबणारी वार. गाय गाभडली.

पुढची दहा मिनिटं बहुतेक गोठ्यांत ठरलेली असतात. गडी वासराचे पाय धरतो आणि उकिरड्यावर टाकून येतो. परत येऊन वार ओढून बघतो. थोडी निघते, बाकीची अडकलेलीच राहते. ओले हात पोत्याला पुसतो, बादलीतल्या पाण्यात बुडवतो आणि शेजारच्या गाईच्या धारेला बसतो. तोवर उकिरड्यावरचं वासरू कुत्र्यांनी ओढत नेलेलं असतं.

साधारण तीन आठवड्यांनी गड्याला ताप येतो. संध्याकाळी चढतो, रात्री अंथरूण भिजेपर्यंत घाम येतो, सकाळी बरं वाटतं. कंबर धरते, सांधे ठणकतात. टायफॉइड समजून पाच-सात दिवसांच्या गोळ्या होतात, ताप उतरतो आणि पंधरवड्याने परत येतो. गाईचं गाभडणं आणि हा ताप यांचा संबंध आहे, हे घरात कोणाच्याही डोक्यात येत नाही.

या आजाराचं नाव ब्रुसेलोसिस. पशुवैद्यक त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने 1887 मध्ये माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून याचे जंतू शोधले. ते सैनिकांकडे आले कुठून, हे उमगायला पुढे अठरा वर्षं लागली. 1905 मध्ये थेमिस्टोक्लीस झामित यांना ते धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये सापडले. त्या शेळ्यांचं कच्चं दूध सैनिक पीत होते. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बांग यांनी 1897 मध्ये गाभडणाऱ्या गाईंमधला या जंतूचा भाऊबंद ओळखला होता. आपल्याकडे गाई-म्हशींत मुख्यतः बांग यांचा जंतू आढळतो आणि शेळ्या-मेंढ्यांत माल्टाचा. माणसाला जास्त छळतो तो शेळीचा.

हा जंतू गाभाशयाकडेच का धावतो, याला कारण आहे. गाय, शेळी, मेंढी यांच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक साखर असते आणि ती या जंतूला फार मानवते. गाभण नसलेल्या जनावरात तो गाठींमध्ये आणि कासेत दबून असतो. गाभ वाढू लागला, वार भरली, की तिथे त्याची बेसुमार पैदास होते. वारेला सूज येते, वासराचं पोषण तुटतं आणि गाय पाचव्या महिन्यानंतर, बहुधा सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकते. शेळीचा गाभच पाच महिन्यांचा, म्हणून ती शेवटच्या दोन महिन्यांत टाकते. बाहेर पडलेल्या वारेच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जंतू असू शकतात. माणसाला बाधा व्हायला श्वासातून गेलेले दहा ते शंभर जंतूही पुरतात. ते जखमेतून शिरतात, डोळ्यातून शिरतात, ओल्या वारेचे तुषार उडाले तर नाकातून शिरतात.

आपल्याकडे दूध तापवायची सवय आहे आणि उकळीने हे जंतू मरतात. चिकाचा खरवसही वाफेवर शिजतो. त्यामुळे दूध पिणारं घर बऱ्यापैकी वाचतं. अडकतो तो गोठ्यात हात घालणारा: गडी, घरची बाई, पशुवैद्यक, मेंढपाळ.

आता तीच पहाट पुन्हा घेऊ, पण गडी जाणता आहे असं धरून.

तो पहिल्यांदा वासराला हात लावत नाही. कुत्रं बांधतो, शेळ्या आणि बाकीच्या गाई लांब करतो, पोरांना आणि गरोदर बाईला गोठ्यात येऊ देत नाही. मग पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करतो. गाई इतर कारणांनीही गाभडतात. मार लागतो, दुसरे जंतू असतात. नुसत्या डोळ्यांनी वारेकडे पाहून फरक कळत नाही, म्हणून तपासणी होईपर्यंत प्रत्येक गाभडणं याच आजाराचं धरायचं.

डॉक्टर येईपर्यंत तो खड्डा खणतो. विहीर, बोअर आणि ओढा यांच्यापासून लांब, चार-पाच फूट खोल. मग पायात गमबूट, अंगावर प्लास्टिकचा एप्रन किंवा जुना रेनकोट, तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा. हातात रबरी मोजे, शक्यतो खांद्यापर्यंतचे; पशुवैद्यक रेतनाला वापरतात तसे. आखूडच असतील तर दोन जोड्या एकावर एक. हाताला चीर असेल तर त्याने हे काम करायचंच नाही.

उचलायची रीत साधी आहे. जाड प्लास्टिकची मोठी पिशवी उलटी करून मोजे घातलेल्या हातांवर चढवायची, वासरू किंवा वार त्या पिशवीतूनच पकडायची आणि पिशवी सुलट करत तोंड बांधायचं. वर दुसरी पिशवी. डॉक्टरांना तपासणीला वारेचा तुकडा किंवा अख्खं वासरू लागलं तर ते स्वतः घेतील. आपण पोट फाडून आत काय झालं ते बघायला जायचं नाही. बाकीचं खड्ड्यात टाकून पिशवी तिथेच फाडायची, वर चुन्याचा जाड थर आणि मग माती. कुत्री उकरतात म्हणून वर दगड.

गोठा धुण्यात एक चूक फार होते. लोक आधी खराट्याने झाडतात किंवा पाइपाने जोरात पाणी मारतात. दोन्हींत जंतू हवेत उडतात. आधी जंतुनाशक ओतायचं. दहा लिटर पाण्यात साधारण 300 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. जागा भिजली की ओला पेंढा अलगद गोळा करून त्याच खड्ड्यात टाकायचा किंवा जाळायचा. शेण-रक्तात ब्लीचिंगची ताकद खूप कमी होते, म्हणून जागा साफ झाल्यावर तेच पाणी दुसऱ्यांदा ओतायचं आणि अर्धा तास राहू द्यायचं. फिनाईल आणि ब्लीचिंग एकत्र करायचं नाही. कडक उन्हात हा जंतू लवकर मरतो, पण सावलीतल्या ओलसर शेणात महिनोन्‌महिने टिकतो. आपले बहुतेक गोठे सावलीतले आणि ओलसर.

मोजे उलटे करत काढायचे, खड्ड्यात टाकायचे, मग साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. डोळ्यात तुषार गेला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवायचा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

अडकलेली वार हा वेगळा मुद्दा. निरोगी गाईची वार बारा तासांच्या आत पडते. या आजारात ती अडकणं नेहमीचं. मग कोणी वीट बांधतं, कोणी जुनी चप्पल. गाईची वार गर्भाशयाला शंभरेक ठिकाणी गुंड्यांनी बसवल्यासारखी चिकटलेली असते. ओढली की गुंड्या तुटतात, रक्त येतं, पिशवी सडते आणि ओढणाऱ्याचे हात कोपरापर्यंत जंतूंत भिजतात. हे काम पशुवैद्यकाचं. काही भागांत पडलेली वार पोत्यात बांधून वडाला टांगतात. झाडाला चीक तसं गाईला दूध, ही त्यामागची समजूत. श्रद्धेवर वाद घालायचा नाही, पण त्या पोत्यातून ठिबकणारं पाणी खाली चरणाऱ्या शेळ्यांवर पडतं.

रक्ताची तपासणी सोपी आहे. पांढऱ्या पाटीवर रक्तद्रवाचा एक थेंब आणि गुलाबी द्रावाचा एक थेंब मिसळून चार मिनिटं हलवतात. दही फाटल्यासारखे कण दिसले तर संशय पक्का होत जातो. पण गाभडण्याच्या सुमारास ही तपासणी कधी कधी काहीच दाखवत नाही. म्हणून पहिला अहवाल चांगला आला तरी तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं.

सगळ्यात फसवणूक होते ती पुढच्या वेताला. लागण झालेली गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या वेळी ती पूर्ण दिवसांचं, जिवंत वासरू देते आणि मालक म्हणतो, सुधारली. ती सुधारलेली नसते. त्या वारेतही आणि दुधातही जंतू असतात, फक्त आता कोणी सावध नसतं. गाईवर यासाठी भरवशाचा औषधोपचार नाही. म्हणून वार कोणत्याही गाईची असो, गाभडलेली किंवा नीट व्यायलेली, मोज्याशिवाय धरायची नाही. आणि गाभडलेली गाय गुपचूप बाजारात नेऊन विकणं म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्यात हा आजार पोचवणं. आपल्या उदाहरणातली गाय बाजारातूनच आली होती.

माणसाचं मात्र बरं होतं, वेळेत कळलं तर. साधारण सहा आठवडे दोन औषधं एकत्र घ्यावी लागतात. ताप उतरला म्हणून मध्येच सोडली की आजार उलटतो, मणक्यात किंवा वृषणात घर करतो. त्यामुळे तापाने दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. ‘गोठ्यात काम करतो, महिन्यापूर्वी गाभडलेल्या गाईची वार उचलली होती,’ हे आधी सांगा. याची रक्ततपासणी वेगळी असते आणि सुचल्याशिवाय ती कोणी लिहून देत नाही.

लस आहे, पण ती कालवडी आणि पारड्यांना. केंद्र सरकारच्या 2019 मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ती आयुष्यात एकदाच टोचतात. नराला आणि गाभण जनावराला देत नाहीत. लस जिवंत जंतूंची आहे, त्यामुळे टोचताना वासरू धरणाऱ्यानेही मोजे आणि चष्मा घालावा. सुई बोटात गेली तर माणसालाही हाच ताप येऊ शकतो.

शेळ्या या मोहिमेत नाहीत. शेळीची वार मुठीत मावते, म्हणून तिला कोणी मोजे घालत नाही. व्यायला लागली की घरची बाई पदर खोचून बसते आणि करडू मलूल असलं तर त्याच्या नाकात तोंडाने फुंकरही मारते. माणसाला जास्त छळणारा जंतू तिथेच आहे, आणि तिथे आज तरी हातातले मोजे आणि मागचा खड्डा एवढाच उपाय आहे.